आखूड टॉप आणि कमी उंची: एक खुलासा

"उंची कमी असेल तर आखूड टॉप घालू नये, लांब कुर्तीतच उंच दिसतं."

हे खरं नाही. नजर कापडाची लांबी मोजत नाही. कापड कुठं संपतं आणि अंगाचे कसे भाग पडतात, ते बघते.

पाच फूट उंचीच्या मुलीचं खांद्यापासून जमिनीपर्यंतचं माप साधारण ४९ इंच भरतं. २५ इंचांचा टॉप मांडीवर संपतो, जवळपास निम्म्यावर. तिथं अंग दोन सारख्या तुकड्यांत कापल्यासारखं दिसतं. तोच टॉप १८ इंचांचा आणि खाली उंच कमरेची पँट असेल, तर खाली ३१ इंच उरतात आणि पाय लांब वाटतात. लांब कुर्तीही शोभते, पण खालची पँट त्याच रंगाची हवी, म्हणजे रेघ तुटत नाही.

घेराचंही असंच. वर ढगळ असेल तर खाली पायाला बसणारी पँट घ्या. घेरदार कुर्तीखाली पलाझो घातला की कंबर कुठं आहे तेच कळत नाही.

महाद्वार रोडवर खरेदीला जाताना टेप सोबत ठेवा. ट्रायल रूममध्ये टॉपची कड एकदा तशीच ठेवून आणि एकदा आत दुमडून, मोबाईल कमरेच्या उंचीवर धरायला लावून दोन्ही फोटो काढा. वरून काढलेल्या फोटोत पाय आखूडच येतात. शिंप्यालाही नुसतं "आखूड" सांगू नका, "कमरेच्या हाडावर संपव" असं सांगा.