मळणीच्या दुपारी इंजिन का उकळते?

मार्चच्या अखेरीस परभणी-हिंगोलीकडच्या शिवारात हरभऱ्याची मळणी चाललेली असते, तेव्हा ट्रॅक्टरच्या इंजिनाची खरी परीक्षा होते. नांगरटीतही भार मोठा असतो, पण तिथे ट्रॅक्टर निदान पुढे सरकत असतो. मळणीत तो एकाच जागी उभा राहून तासन्‌तास पीटीओवर यंत्र फिरवतो, बाहेरची हवा चाळीस अंशांवर गेलेली असते आणि भोवती भुस्कट उडत असते. अशाच एखाद्या दुपारी तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यातून तांबड्याकडे सरकू लागतो, टोपणाखालून वाफ येते आणि मिस्त्री सल्ला देतो : "थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाका, आपल्याकडच्या उन्हाळ्याला तो लागतच नाही." हा सल्ला मराठवाड्यात इतका रुळला आहे की तो तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. मात्र रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप या तिघांत कामाची वाटणी कशी झाली आहे हे समजून घेतले, तर या सल्ल्यातील चूक साध्या हिशेबाने दाखवता येते.

आधी उष्णता किती, ते पाहू. जाळलेल्या डिझेलच्या उर्जेतील ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या किंवा पीटीओच्या कामी येतो, जवळजवळ तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेल्यातील बराचसा भाग सिलिंडरच्या भिंतींतून व हेडमधून पाण्यात उतरतो. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पूर्ण भारावर असताना त्याच्या पाण्यात सुमारे २४ किलोवॉट उष्णता येते असे हिशेबासाठी धरू. घरातील एक किलोवॉटच्या चोवीस शेगड्या एकाच वेळी त्या आठ-दहा लिटर पाण्यात सोडल्या, तर जे होईल तेच इथे सतत होत असते. पाणी जागचे हलले नाही, तर ते दोन-तीन मिनिटांतच उकळू लागेल.

ते हलवण्याचे काम पंपाचे. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, बहुधा पंख्याच्याच दांड्यावर, पात्यांचे एक लहान चाक बसवलेले असते. फॅन बेल्ट ते फिरवतो आणि ते रेडिएटरच्या तळाचे थंड पाणी ओढून ब्लॉकमध्ये ढकलते. पंपाने सेकंदाला एक लिटर पाणी फिरवले, तर २४ किलोवॉट उष्णता वाहून नेताना ते पाणी इंजिनातून जाता-जाता फक्त पावणेसहा अंशांनी तापते, आणि रेडिएटरमधून उतरताना तेवढ्याच अंशांनी निवते. म्हणजे वरच्या होज पाइपमध्ये ९० अंशांचे पाणी असेल, तर खालच्या पाइपमध्ये साधारण ८४ अंशांचे असते. हा फरक इतका लहान असणे हेच पंप नीट चालल्याचे लक्षण आहे. "पाणी फार वेगाने फिरले तर त्याला रेडिएटरमध्ये निवायला वेळ मिळत नाही" असे अनेकदा ऐकू येते, पण ते खरे नाही. वेगाने जाणारे पाणी एका फेरीत कमी निवते हे खरे, मात्र त्याच वेळात त्याच्या फेऱ्याही जास्त होतात, आणि एकूण उष्णता थोडी अधिकच बाहेर पडते.

रेडिएटरचा नियम याहून सोपा आहे. त्याच्या नळ्यांवरील पातळ जाळीतून हवा जाते आणि पाण्यातील उष्णता घेऊन जाते. ती किती जाईल, हे पाणी हवेपेक्षा किती अंशांनी जास्त गरम आहे यावर अवलंबून असते. आपल्या ट्रॅक्टरचा स्वच्छ रेडिएटर दर अंशाच्या फरकामागे ०.६ किलोवॉट उष्णता टाकू शकतो असे धरू. मग २४ किलोवॉटसाठी पाणी हवेपेक्षा ४० अंशांनी गरम असले की पुरे. बाहेर ४० अंश असले तरी ८० अंशांचे पाणी एवढी उष्णता टाकून मोकळे होते, म्हणजे मार्चच्या दुपारीही रेडिएटरपाशी थोडी ताकद शिल्लक राहते. ही शिल्लक वापरायची की राखून ठेवायची, हे थर्मोस्टॅट ठरवतो.

थर्मोस्टॅट हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. तळहातावर मावेल एवढी पितळी-पोलादी वस्तू, मध्ये झाकण, त्यावर दाबून बसलेली स्प्रिंग आणि खाली पितळेची छोटी डबी. त्या डबीत मेण भरलेले असते आणि त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते, म्हणजे उष्णता मेणात लवकर पसरते. मेण वितळताना फुगते, रबरी पडद्याला दाबते आणि पडद्यातील पोलादी काडी बाहेर सरकते. पण काडीचे टोक वर चौकटीला टेकलेले असल्यामुळे हलते ते झाकण, आणि स्प्रिंगचा दाब मोडून ते खाली उतरते. झाकणावर ८२ असा आकडा कोरलेला असेल, तर ८२ अंशांच्या आसपास ते किलकिले होते आणि साधारण ९५ अंशांपर्यंत पूर्ण उघडते. ना तार, ना वीज. पाणी गार असताना झाकण बंद असते आणि पंप ते पाणी बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरवत राहतो. पाणी तापले की रेडिएटरची वाट हवी तेवढीच उघडते. म्हणून थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा राखतो. वरची मर्यादा राखणे त्याच्या हातात नसते, ती रेडिएटरवर आणि पंपावर अवलंबून असते.

आता हाच ट्रॅक्टर जानेवारीत पाहू. बाहेर १५ अंश तापमान आहे आणि रेडिएटरच्या जाळीत मागच्या हंगामातील सोयाबीनचे भुस्कट अडकून त्याची क्षमता दर अंशाला ०.६ वरून ०.४ किलोवॉटवर आली आहे. पूर्ण भारावर २४ किलोवॉट टाकण्यासाठी आता ६० अंशांचा फरक लागतो, म्हणजे ७५ अंशांचे पाणीही पुरेसे ठरते. थर्मोस्टॅट पाण्याला तेवढे निवू देत नाही. तो अर्धवट मिटून तापमान ८२ च्या वर धरून ठेवतो आणि काटा मधोमध उभा राहतो. रेडिएटरची तिसऱ्या हिश्श्याची ताकद गेली आहे, पण चालकाला त्याचा पत्ता नाही, कारण जेवढे भुस्कट अडकले तेवढा थर्मोस्टॅट थोडा जास्त उघडत गेला आणि त्याने ही उणीव झाकून टाकली. मार्चअखेरीस हवा ४० अंशांवर गेली की तेच ६० अंश चाळिसात मिळवावे लागतात आणि पाणी १०० अंशांवर जाते. थर्मोस्टॅट ९५ लाच सताड उघडलेला असतो, त्याच्यापाशी आणखी उघडायला काही उरलेले नसते. म्हणजे बिघाड जानेवारीपासूनचाच असतो, तो दिसतो मात्र मार्चमध्ये.

मिस्त्रीचा सल्ला इथे तपासता येतो. मार्चच्या त्या दुपारी थर्मोस्टॅट काढला, तर आधीच पूर्ण उघडा असलेला दरवाजा चौकटीसह काढल्यासारखे होते. पाणी १०० अंशांच्या आसपासच राहते. काही इंजिनांत तर परिस्थिती आणखी बिघडते. तिथे थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, आणि वरची वाट उघडताना ती चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल, तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परततो. काढल्याचा परिणाम दिसतो तो हिवाळ्यात. रेडिएटर धुतलेला असेल, तर जानेवारीत पूर्ण भारावरही पाणी पंचावन्न अंशांच्या आसपास घुटमळते, आणि हलक्या कामावर त्याहून बरेच खाली. एवढ्या गार सिलिंडरच्या भिंतींवर ज्वलनातून निघालेली वाफ पाणी होऊन बसते, ऑइलमध्ये मिसळते, गाळ तयार होतो, रिंगा व लायनर झिजतात आणि डिझेल जास्त जाते. हे नुकसान हळूहळू होत असल्यामुळे त्याचा दोष कोणीही काढलेल्या वॉलला देत नाही. थर्मोस्टॅट मिटलेल्या अवस्थेत अडकला, तर इंजिन तापते हे मात्र खरे. पण त्यावर उपाय नवा थर्मोस्टॅट बसवण्याचा आहे, आणि शंका असल्यास जुना वॉल भांड्यातील पाण्यात दोरीने टांगून, शेजारी तापमापक धरून, कोणत्या अंशाला झाकण हलते ते गॅसवर पाहता येते.

मराठवाड्यात रेडिएटरची ताकद आणखी एका वाटेने जाते, आणि ती बाहेरून दिसत नाही. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. माठाच्या तळाशी किंवा हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच ब्लॉकच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. हा क्षार उष्णता इतकी वाईट वाहतो, की त्याचा एक मिलिमीटर थर निदान दोन सेंटिमीटर जाडीच्या बिडाइतका अडसर करतो. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये रोज बोअरचे पाणी ओतत राहिल्यास रोज नवा क्षार आत जातो, त्यामुळे गळती बुजवणे हे पाणी भरण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?" हा प्रश्नही त्यामुळे अपुरा आहे. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पंपाची पाती आणि ब्लॉक वाचवतात, आणि ते मिसळायचे पाणी डिस्टिल्ड असेल तर क्षाराचा प्रश्नच उरत नाही.

उकळलेल्या ट्रॅक्टरपाशी उभे राहून दोष कुठे आहे हे बऱ्याच अंशी ओळखता येते. इंजिन तापले, पण वरचा होज पाइप कोमटच असेल, तर पाणी रेडिएटरकडे येतच नाही, म्हणजे थर्मोस्टॅट मिटलेला अडकला असण्याची शक्यता मोठी. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा मात्र बराच गार असेल, तर प्रवाह मंद आहे : सैल बेल्ट, झिजलेली पाती किंवा क्षाराने बुजलेल्या नळ्या. दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच गरम असतील, तर पाणी फिरते आहे पण निवत नाही, आणि नजर सरळ जाळीकडे वळवावी. भुस्कट पुढच्या बाजूने आत ओढले जाते, म्हणून हवा किंवा पाण्याचा हलका झोत इंजिनाच्या बाजूने पुढे मारावा. उलट मारल्यास भुस्कट आणखी आत घट्ट बसते.

टोपण मात्र गरम असताना उघडू नये. टोपणावर ०.९ असा आकडा असेल, तर आतील पाणी दाबाखाली सुमारे ११८ अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. टोपण फिरवताच दाब जातो आणि शंभराच्या वरचे ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. इंजिन भाराविना काही मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे, म्हणजे हेडमधील उष्णता पंप काढून घेतो. वाफ जोरात निघत असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर मात्र लगेच बंद करावे. थंड झाल्यावर पंपाच्या खालच्या अंगाला असलेले बारीक छिद्रही पाहावे. तिथून थेंब पडत असतील, तर पंपाचे सील गेले आहे. ते छिद्र एम-सीलने बुजवणारेही आहेत, पण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते, बेअरिंग खिळखिळे होते आणि दांड्यावरचा पंखा हलत हलत थेट रेडिएटरच्या जाळीत घुसतो.