आशीर्वाद देवो की देईल? हिब्रू क्रियापदातली इच्छा

हिब्रू बायबलच्या गणना या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, याजकांनी लोकांना द्यायचा एक आशीर्वाद आहे. मूळ हिब्रूत तो फक्त 15 शब्दांचा आहे: पहिल्या ओळीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत सात.

येवारेखेखा अदोनाय वेयिश्मेरेखा.
याएर अदोनाय पानाव एलेखा विखुन्नेक्का.
यिस्सा अदोनाय पानाव एलेखा वेयासेम लेखा शालोम.

अर्थ असा: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो, तो आपल्या मुखाचा प्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो, तो आपलं मुख तुझ्याकडे वळवो आणि तुला शांती देवो. इथे सहा क्रियापदं आहेत आणि आपण सगळ्यांना ‘ओ’ लावला. पण ‘आशीर्वाद देईल, रक्षण करील’ असं का नाही? मराठीत हा गोंधळ होतच नाही, कारण ‘देवो’ आणि ‘देईल’ ही रूपंच वेगळी आहेत. हिब्रूत मात्र ‘यिश्मोर’ या एकाच रूपाचा अर्थ ‘तो रक्षण करील’ असाही होतो आणि ‘तो रक्षण करो’ असाही. बहुतेक क्रियापदांची हीच स्थिती आहे.

ही संदिग्धता मुळापासूनची नाही. हिब्रूच्या पूर्वज भाषेत दोन रूपं होती. साध्या विधानाच्या रूपाला शेवटी आखूड ‘उ’ असे, इच्छा व्यक्त करणाऱ्या रूपाला तो नसे. अभिजात अरबीने हा भेद आजवर सांभाळला आहे: ‘यक्तुबु’ म्हणजे तो लिहितो किंवा लिहील, आणि आधी ‘लि’ लावून आखूड ‘यक्तुब’ म्हटलं की ‘त्याने लिहावं’. हिब्रूत शब्दाच्या शेवटचे आखूड स्वर गळून गेले. ‘उ’ गेला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली.

पण काही क्रियापदांत त्या गेलेल्या ‘उ’ची खूण राहिली. ‘ठेवणे’ या अर्थाचं क्रियापद घ्या. जुनं ‘यासीमु’ उच्चारताना ‘या-सी-मु’ असे तुकडे पडत. मधला ‘सी’ स्वरान्त होता, म्हणून त्याचा दीर्घ स्वर टिकला. ‘उ’ नसलेल्या रूपात मात्र ‘म’ मागच्या अक्षराला चिकटला आणि तिथला स्वर आखूड झाला. पुढे पहिल्याचं ‘यासीम’ झालं, म्हणजे ‘तो ठेवील’, आणि दुसऱ्याचं ‘यासेम’, म्हणजे ‘तो ठेवो’. व्याकरणकार या दुसऱ्या रूपाला जसिव्ह म्हणतात.

आता आशीर्वादाकडे पुन्हा पाहा. शेवटच्या ओळीत ‘यासेम’ आहे, ‘यासीम’ नाही. दुसऱ्या ओळीत ‘याएर’ आहे, आणि त्याचं साधं रूप ‘याईर’ होतं. स्तोत्र 139 मध्ये ‘रात्र दिवसासारखी उजळते’ असं विधान आहे, तिथे याच क्रियापदाचं ‘याईर’ आलं आहे. म्हणजे सहापैकी दोन क्रियापदांनी आपली इच्छार्थी बाजू उघड केली आहे. उरलेली त्यांच्याच माळेत ओवलेली आहेत, म्हणून तीही इच्छार्थी वाचायची. सगळा आशीर्वाद असा दोन स्वरांवर उभा आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

हे स्वर आपल्यापर्यंत आले ते मासोरेती पंडितांमुळे. मूळ लेखनात व्यंजनं असत आणि स्वर जेमतेम. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात या पंडितांनी परंपरेने चालत आलेला उच्चार टिंबं आणि रेघांनी नोंदवला. 1979 मध्ये पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बर्काय यांना जेरुसलेममधल्या केतेफ हिन्नोम इथे चांदीच्या पत्र्याच्या दोन छोट्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांच्यावर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत, आणि त्या साधारण इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातल्या मानल्या जातात. त्यांतही ‘याएर’ची तीनच अक्षरं आहेत, मध्ये ‘ई’ दाखवणारा ‘योद’ नाही. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण त्या काळी मधले दीर्घ स्वर बरेचदा लिहीतच नसत.

आखूड रूप दिसलं की इच्छाच असते, असंही समजू नये. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ‘ठेवलं’, तिथे ‘वय्यासेम’ आहे. हे आखूड रूपच आहे, पण अर्थ सरळ भूतकाळाचा. फरक जोडणाऱ्या ‘व’मध्ये आहे: कथनात तो ‘व’ होतो आणि पुढचा ‘य’ दुहेरी उच्चारला जातो, आशीर्वादात तो नुसता ‘वे’ आहे.

नकारात काम सोपं होतं, कारण इच्छेला ‘अल’ लागतो आणि विधानाला ‘लो’. आपल्या मुलावर, इसहाकावर, हात उगारलेल्या अब्राहामाला देवदूत म्हणतो, ‘अल ताआस’, त्याला काही करू नकोस. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आज्ञेत मात्र ‘लो ताआसे’ आहे, काम करायचं नाही, कधीच नाही. क्रियापद एकच आहे, पण पहिल्या ठिकाणी ते आखूड झालं आहे.

‘मी’, ‘आम्ही’ अशा उत्तम पुरुषात इच्छेचं चिन्ह उलट्या दिशेने चालतं: रूप आखूड होण्याऐवजी शेवटी ‘आ’ जोडला जातो. याला कोहॉर्टेटिव्ह म्हणतात. मराठीत ‘जाऊ या’, ‘करू दे’ किंवा निर्धाराने म्हटलेलं ‘करीनच’, असा त्याचा पल्ला आहे. अब्राहामाला दिलेल्या वचनात देव म्हणतो, ‘वाआवाराखा मेवारेखेखा’, तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन. नुसतं ‘आवारेख’ न म्हणता ‘आ’ जोडला आहे, म्हणजे बोलणाऱ्याचं मन त्यात आहे. लगेच पुढे शापाचं वाक्य येतं, ‘उमेकल्लेल्खा आओर’, आणि तिथे कर्म आधी, क्रियापद मागे आणि ‘आ’ नाही. आशीर्वाद मनापासून आणि शाप फक्त परिणाम म्हणून, असं काही अभ्यासक यातून वाचतात. मला ते पटतं, पण एका अक्षरावर एवढा भार टाकताना जपायला हवं.

कारण हा ‘आ’ सगळीकडे लागूच शकत नाही. बाबेलचे लोक म्हणतात, ‘हावा निल्बेना’, चला, विटा पाडू या. इथे ‘आ’ आहे. पुढच्याच वाक्यात ‘हावा निव्ने’, चला, बांधू या, इथे तो नाही, कारण शेवटी ‘हे’ अक्षर असलेल्या अशा धातूंना तो सहसा लागत नाही. तिथे इच्छा कळते ती ‘हावा’मुळे. क्रियापदाला ‘त्यांना’, ‘तुला’ असं सर्वनाम चिकटलं की तिथेही ‘आ’ला जागा उरत नाही.

अशा वेळी क्रियापदाची जागा पाहायची. गद्यात इच्छार्थी रूप बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतं, साधं भविष्य बहुधा दुसऱ्या शब्दामागे. आशीर्वादाच्या तिन्ही ओळी क्रियापदानेच सुरू होतात. त्यानंतरच्या 27 व्या ओवीत देव सांगतो, की याजक माझं नाव इस्राएलवर ठेवतील, ‘वाआनी आवाराखेम’. त्यातलं ‘आवाराखेम’ रूपाने संदिग्ध आहे, कारण ‘त्यांना’ चिकटल्यामुळे ‘आ’ असायला हवा होता की नव्हता, हे कळायला मार्ग नाही. पण आधी ‘आनी’ आहे, म्हणजे ‘मी’, आणि क्रियापद मागे गेलं आहे. म्हणून इथे ‘ओ’ नाही, ‘ईन’ घ्यायचं: याजकांनी ‘देवो’ म्हणायचं, आणि मी त्यांना आशीर्वाद देईन.