उपचारात्मक वर्गासाठी मुख्याध्यापकांना प्रस्ताव: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी आठवड्याला एक जादा तास घ्यायचा, तर नुसतं तोंडी विचारून भागत नाही. वेळापत्रक, वर्गखोली आणि झेरॉक्सचा खर्च मुख्याध्यापकांच्या सहीवर अवलंबून असतो, म्हणून लेखी प्रस्ताव द्यावा. इथे सहावीच्या गणिताचं उदाहरण घेतलं आहे. पटावर ४८ मुलं आहेत आणि अडचण हातच्याच्या वजाबाकीत व भागाकारात आहे.

अर्ज कोणी करायचा

वर्गशिक्षक किंवा विषय शिक्षक अर्ज करू शकतात. पर्यवेक्षक असतील तर अर्ज त्यांच्यामार्फत द्यावा. संदर्भात शिक्षण हक्क कायदा २००९ मधील कलम २४ लिहावं. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून त्यात नोंदलेलं आहे. याच कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे ‘वर्ग विनाशुल्क आहे’ हे वाक्य अर्जात असलंच पाहिजे.

मुलांची निवड

बहुतेक प्रस्ताव इथेच कच्चे राहतात. वार्षिक परीक्षेत कमी गुण मिळालेल्यांची यादी जोडली जाते, पण ३५ गुणांवरून मुलाला नेमकं काय येत नाही ते कळत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाची दहा उदाहरणांची चाचणी घ्यावी आणि गुणांपेक्षा चुका पाहाव्यात.

५०३ − २७८ हे उदाहरण द्या. बरोबर उत्तर २२५. एखाद्याने ३७५ लिहिलं, तर तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे. हातचा घ्यायचा असतो हेच त्याला उमगलेलं नाही. २३५ लिहिणाऱ्याला हातचा येतो, पण दशकाच्या शून्याला शतकाकडून दहा मिळाले, त्यातला एक एककाला दिला आणि नऊ उरले, ही पायरी तो विसरतो. पहिल्याला सुट्या काड्या आणि गठ्ठे हातात द्यावे लागतात, दुसऱ्याला दोन-तीन तासांचा सराव पुरतो. तसंच ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ आलं, तर भागाकारातलं मधलं शून्य गळलं आहे.

अशा चुकांवरून १२ मुलं निवडावीत. एका तासात प्रत्येकाची वही पाहायची तर याहून जास्त झेपत नाहीत. फळ्यावर किंवा सूचनेत ‘ढ’, ‘अप्रगत’ असे शब्द नकोत. ‘गणित सराव गट’ पुरे.

वेळ आणि साहित्य

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तास ठेवायचा मोह होतो, पण मुलं भुकेली असतात आणि गावाकडच्यांची एसटी चुकते. शाळा भरण्यापूर्वीचा पाऊण तास बरा. खेळाचा किंवा चित्रकलेचा तास मागू नका; मुलांना ती शिक्षा वाटते, आणि त्या शिक्षकांचा विरोधही रास्तच असतो.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत १२ आठवडे मिळाले, तरी गणपती आणि परीक्षा धरून १० तासच होतील असं गृहीत धरा. सरावपत्रिका १२ × १० = १२०, पहिली चाचणी ४८, मधली आणि शेवटची मिळून २४, म्हणजे एकूण १९२ प्रती. दर २ रुपये असेल तर ३८४ रुपये. काड्या, रबरबँड आणि खडू शाळेतच मिळतात.

अपेक्षित निष्पत्ती

‘विद्यार्थ्यांची प्रगती होईल’ असं लिहिलं, तर मुख्याध्यापकांना पुढे तपासायला काहीच उरत नाही. असं लिहा: ‘दहाव्या तासानंतर १२ पैकी किमान ८ विद्यार्थी हातच्याच्या वजाबाकीची ५ पैकी ४ उदाहरणे मदतीशिवाय सोडवतील.’ भागाकाराचं उद्दिष्ट वेगळं आणि जरा कमी ठेवा, कारण त्यात पाढे आणि वजाबाकी दोन्ही लागतात. अपूर्णांक या १० तासांत बसत नाहीत. ते प्रस्तावात घालू नयेत.

सोबत जोडायची कागदपत्रे

- चाचणीचा नमुना आणि चुकांच्या प्रकारानुसार मुलांची यादी
- तासवार नियोजन, एका पानात
- खर्चाचा तक्ता
- पालकांचे संमतिपत्र (वेळ आणि ‘विनाशुल्क’ हा उल्लेख असलेले)

अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. मंजुरीचा शेरा आल्यावर वेळापत्रकात नोंद करून घ्या, नाहीतर शिक्षक रजेवर असताना तास कोणी घ्यायचा यावर घोळ होतो. प्रत्येक तासाची हजेरी वेगळ्या वहीत ठेवावी. सलग दोन आठवडे आठपेक्षा कमी मुलं आली, तर आधी वेळ बदलून पाहा. ज्याची उदाहरणं सलग दोन आठवडे बरोबर येतील त्याला गटातून मोकळं करून प्रतीक्षेतल्या मुलाला घ्यावं. ही अट अर्जातच लिहिली, तर पुढे वेगळी परवानगी लागत नाही.