ऊर्जालेबलाच्या छायाचित्रावरून तुलनातक्ता

घरगुती विद्युत उपकरणावर चिकटवलेल्या ऊर्जालेबलाचा फोटो काढून त्यावरील तारांकन आणि वार्षिक वीजवापर हे दोन आकडे संगणकाच्या साहाय्याने वेगळे काढणे आणि अनेक उपकरणांचे असे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडणे, अशी ही प्रक्रिया आहे. भारतात अशी लेबले ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या योजनेनुसार लावली जातात. ही योजना २००६ मध्ये सुरू झाली. फोटोतील अक्षरे वाचणे हा या कामाचा सोपा भाग आहे. वाचलेला आकडा खरा आहे का, आणि दोन लेबलांवरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे आहेत का, हे ठरवण्यातच बहुतेक वेळ जातो. येथे मुख्यतः स्प्लिट वातानुकूलन यंत्राचे लेबल विचारात घेतले आहे, कारण त्यावर एका आकड्याची दुसऱ्या आकड्याने पडताळणी करता येते.

लेबल बहुधा तिरक्या कोनातून टिपलेले असते, म्हणून आधी त्याचे चार कोपरे शोधून प्रतिमा सरळ आयताकृती करून घेतात. त्यानंतर वीजवापराची ओळ, क्षमतेची ओळ आणि ताऱ्यांची कमान यांच्या जागा साधारण ठरलेल्या असल्याने प्रत्येक भाग वेगळा कापून वाचता येतो. संपूर्ण लेबल एकदम अक्षरवाचकाला दिले, तर मॉडेल क्रमांकातील आकडे वीजवापराच्या रकान्यात शिरण्याचा धोका राहतो.

तारे मोजण्यासाठी अक्षरवाचकाचा उपयोग नाही. लेबलावर न भरलेल्या ताऱ्यांच्याही आकृत्या असतात, त्यामुळे केवळ आकार ओळखणारा प्रोग्राम प्रत्येक उपकरणाला पाच तारे देऊन मोकळा होतो. मोजायचे असतात ते रंगाने भरलेले तारे. सरळ केलेल्या प्रतिमेत पाचही ताऱ्यांच्या मध्यबिंदूंभोवतीचा रंग किती गडद आहे हे पाहतात. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा भागही रंगीत भासत असल्याने, त्यासाठी आधी ठरवलेली मर्यादा न वापरता त्याच लेबलावरच्या ताऱ्यांची आपापसांत तुलना करणे बरे. भरलेले तारे एका टोकापासून सलगच असतात. पहिला, दुसरा आणि चौथा भरलेला आणि तिसरा रिकामा असे उत्तर आले, तर तिसऱ्या ताऱ्यावर दिव्याची तिरीप पडली आहे असे समजावे आणि फोटो पुन्हा मागवावा. तेथे अंदाजाने चार लिहिणे म्हणजे तक्त्यात खोटी नोंद करणे होय.

वीजवापराच्या आकड्यातील सर्वांत घातक चूक दशांशचिन्हाची असते. लेबलावर वार्षिक युनिट सहसा दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेली असतात. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फोटोत हा ठिपका एकदोन पिक्सेलचाच उरतो आणि प्रतिमा काळी-पांढरी करताना तोही धूळ समजून पुसला जातो. मग ९९३.५९ चे ९९३५९ होते. अक्षरवाचकाने आपल्या वाचनाला दिलेला विश्वासगुण येथे उपयोगी पडत नाही, कारण पाचही अंक त्याने बिनचूक वाचलेले असतात आणि त्यामुळे गुण उत्तमच मिळतात.

या चुकीवरचा उपाय लेबलावरच आहे. वातानुकूलन यंत्राची वार्षिक युनिट वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेली असतात आणि त्याच गणितातून आयएसईईआर हे हंगामी कार्यक्षमता गुणोत्तरही येते. म्हणजे वर्षभरात खोलीतून काढलेल्या उष्णतेला खर्च झालेल्या विजेने भागले की आयएसईईआर मिळते, आणि ती उष्णता यंत्राच्या क्षमतेच्या प्रमाणात असते. म्हणून युनिटना आयएसईईआरने गुणून क्षमतेच्या वॅटने भागल्यास प्रत्येक यंत्रासाठी जवळपास एकच संख्या यावी लागते. ती ०.७७ च्या आसपास असते.

```python
k = units * iseer / capacity
```

समजुतीसाठी तीन काल्पनिक लेबले घेऊ. ‘अ’ आणि ‘ब’ ही ५००० वॅट क्षमतेची असून जुलै २०२२ नंतरच्या मुदतीची आहेत, तर ‘क’ हे ३५०० वॅटचे असून २०२१ मधील आहे. ‘अ’ चे आयएसईईआर ५.०० आणि युनिट ७७५.०० असल्याने k ०.७७५ येतो. ‘ब’ चे आयएसईईआर ३.९० असून युनिट ९९३५९ अशी वाचली गेली, तेव्हा k ७७.५ आला. तो बरोबर शंभरपट असल्यामुळे दोन स्थळांचा ठिपका गळाला हे उघड होते आणि फोटोशी ताडून आकडा ९९३.५९ असा दुरुस्त करता येतो. k शंभरपट न येता ०.८६ असा काहीतरी आला असता, तर एखादा अंकच चुकीचा वाचला गेला असता, आणि तशी चूक गणिताने दुरुस्त करता येत नाही. ती ओळ माणसाने पाहावी लागते.

| यंत्र | क्षमता (वॅट) | आयएसईईआर | तारे | लेबलाची मुदत | वार्षिक युनिट | दर १००० वॅटमागे युनिट |
|---|---|---|---|---|---|---|
| अ | ५००० | ५.०० | ५ | जुलै २०२२ नंतर | ७७५.०० | १५५.० |
| ब | ५००० | ३.९० | ३ | जुलै २०२२ नंतर | ९९३.५९ | १९८.७ |
| क | ३५०० | ४.६० | ५ | २०२१ | ५८९.६७ | १६८.५ |

मुदतीचा रकाना या तक्त्यात हौसेखातर ठेवलेला नाही. स्प्लिट यंत्रांसाठी २०१८ पासून पाच ताऱ्यांना आयएसईईआर किमान ४.५० पुरेसे होते. जुलै २०२२ पासून ती पायरी ५.०० वर गेली. ‘क’ चे ४.६० जुन्या मोजपट्टीने पाच ताऱ्यांत बसते, पण २०२२ च्या मोजपट्टीने त्याला चारच तारे मिळाले असते. म्हणून मुदत वेगळी असलेल्या लेबलांचे तारे शेजारी ठेवताना तुलना आयएसईईआरवरून करावी, आणि मुदतीची ओळ फोटोत कापली गेली असेल तर ताऱ्यांपुढे तशी खूण करावी. नुसती वार्षिक युनिट पाहिली तरीही ‘क’ सर्वांत काटकसरी वाटते, परंतु ते लहान खोलीसाठीचे यंत्र आहे. क्षमतेने भागल्यावर ‘अ’ पुढे येते.

ही पडताळणी इतर उपकरणांवर जशीच्या तशी लागू पडत नाही. फ्रिजच्या लेबलावर वार्षिक युनिट आणि घनफळ लिटरमध्ये असते, पण क्षमता आणि आयएसईईआर यांसारखी एकमेकांना बांधलेली जोडी नसते, त्यामुळे तेथे आकडा दोन वेगवेगळ्या फोटोंवरून वाचून जुळवणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. साठवणीच्या गीझरवर वार्षिक वापर नसून पाणी नुसते गरम राखताना २४ तासांत वाया जाणारी वीज दिलेली असते, आणि कपडे धुण्याच्या यंत्राच्या लेबलावर दर किलो कपड्यांमागे एका धुण्याची वीज आढळते. अशा आकड्याला ३६५ ने गुणून वार्षिक रकाना भरण्याचा मोह होतो. पण त्यातून जी संख्या येते ती लेबलावर कोठेही नसते, आणि वर्षातून किती वेळा, किती किलो कपडे धुतले हे गृहीतक तिच्यात गुपचूप मिसळलेले असते. तो रकाना रिकामाच ठेवावा आणि मूळ आकडा त्याच्या एककासह वेगळ्या रकान्यात द्यावा.