डिस्क ब्रेक घासतो आहे की किंचाळतो आहे?

सायकलच्या डिस्क ब्रेकमधून आवाज येऊ लागला की बहुतेक जण थेट कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड ज्यात बसवलेले असतात त्या भागाचे, बोल्ट सैल करायला घेतात. कॅलिपर पुन्हा मधोमध बसवल्यावर काही आवाज खरोखरच जातात, त्यामुळे हा उपाय सर्व आवाजांवर चालतो असा समज पक्का होतो. वास्तविक ब्रेकचे घासणे आणि किंचाळणे ही दोन निराळी दुखणी आहेत. घासणे हा अंतराचा प्रश्न असतो. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये जी मोकळी फट हवी, ती कोठेतरी संपलेली असते. किंचाळणे हा बहुधा घर्षणाच्या पृष्ठभागाचा प्रश्न असतो, आणि तेथे फट कितीही नेमकी ठेवली तरी फरक पडत नाही.

या दोहोंतला भेद ओळखण्यासाठी चाक जमिनीपासून उचलावे आणि लिव्हरला हात न लावता फिरवावे. तेव्हाच आवाज येत असेल तर ते घासणे होय. चाक निमूटपणे फिरते, पण चालत्या सायकलवर ब्रेक दाबताच कर्कश आवाज उठतो, तर ते किंचाळणे होय.

घासण्याची तपासणी कॅलिपरपासून सुरू करण्याआधी चाक नीट बसले आहे का ते पाहावे. क्विक रिलीजचे, म्हणजे पाना न लावता खटक्याने सुटणारे, चाक काढून पुन्हा लावताना एक्सल खाचेत किंचित तिरपा राहिला तर डिस्कही तिरपी होते आणि कॅलिपरवर उगाच आळ येतो. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डिस्कच्या प्रत्येक बाजूची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, त्यामुळे एवढी तिरपाईसुद्धा पुरते. सायकल जमिनीवर सरळ उभी करून, तिच्यावर थोडा भार देऊन, क्विक रिलीज सोडून पुन्हा आवळले की असे कित्येक आवाज पाना न लावताच जातात.

त्यानंतरही आवाज राहिला तर तो सलग आहे की तुटक, हे लक्षपूर्वक ऐकावे. चाकाच्या संपूर्ण फेरीभर सारखी खरखर ऐकू येत असेल तर डिस्क सरळ असून कॅलिपर एका बाजूला सरकला आहे, असे धरून चालता येते. प्रत्येक फेरीत एकदाच, ठरावीक जागी आवाज येत असेल तर डिस्क वाकली आहे. मेकॅनिकच्या भाषेत ती ‘आउट’ झाली आहे. कॅलिपरमागे पांढरा कागद धरून दोन्ही फटींकडे पाहिले की हे डोळ्यांनाही दिसते. सरकलेल्या कॅलिपरमध्ये एका बाजूची फट कायमच अरुंद दिसते, तर वाकलेल्या डिस्कमध्ये ती फेरीगणिक अरुंद आणि रुंद होत राहते.

कॅलिपर मधोमध आणण्याची प्रचलित पद्धत सोपी आहे. त्याचे दोन्ही बोल्ट ॲलन कीने तो हलेल इतके सैल करावेत, लिव्हर घट्ट दाबून धरावा आणि तो तसाच धरून दोन्ही बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळत जावेत. मात्र ही पद्धत दोन्ही पॅड सारखे पुढे येतात असे गृहीत धरते. आपल्याकडील बऱ्याच स्वस्त सायकलींवर केबलने चालणारे डिस्क ब्रेक असतात आणि त्यांपैकी अनेकांमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो. तो डिस्कला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर टेकवतो. अशा ब्रेकमध्ये आतल्या बाजूची चकती किंवा स्क्रू फिरवून स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ, पण न टेकेल असा, स्वतंत्रपणे आणावा लागतो.

वाकलेल्या डिस्कवर हीच पद्धत वापरली की गोंधळ वाढतो. समजा, बसच्या डिकीत आडव्या टाकलेल्या सायकलची पुढची डिस्क सामानाखाली दबून एका जागी वाकली आणि प्रत्येक फेरीत एकदा ‘खस्’ असा आवाज येऊ लागला. मालकाने बोल्ट सैल करून लिव्हर दाबला, तेव्हा योगायोगाने डिस्कचा वाकलेला भागच पॅडांमध्ये होता. कॅलिपर त्या भागाला अनुसरून बसला. आता उरलेली सगळी सरळ डिस्क घासू लागली आणि फेरीत एकच क्षण शांत राहिला. असा उलटा आवाज ऐकू आला तर कॅलिपरशी आणखी झटापट करू नये, कारण दोष तेथे नाही. डिस्कच्या सरळ भागावर कॅलिपर पुन्हा बसवावा, वाकलेली जागा पेनाने खूण करून ठरवावी आणि डिस्क थंड असताना, डिस्क खाचेत धरणाऱ्या खास हत्याराने किंवा तेलाचा अंशही नसलेल्या लहान स्क्रू पान्याने ती जागा विरुद्ध दिशेला अगदी थोडी लववावी. एकदा लववले की चाक फिरवून पाहायचे आणि गरज पडली तरच पुन्हा लववायचे. हे काम धीराचे आहे. एकाच जोरात सरळ करू पाहणारा माणूस डिस्कला दुसरीकडे नवा बाक देतो. चाक फिरत असताना मात्र बोट डिस्कजवळ नेऊ नये, तिच्या छिद्रांत अडकून ते गंभीर कापले जाऊ शकते.

लांब घाट उतरल्यावर डिस्क तापून थोडा वेळ टिणटिणते आणि निवल्यावर गप्प होते. त्यावर काही करण्याची गरज नसते.

वरच्या उदाहरणातील मालकाने घासणे थांबावे म्हणून डिस्कवर चेनचा तेलाचा स्प्रे मारला, असे समजा. ही चूक चांगलीच प्रचलित आहे आणि तिच्यामुळे एका दुखण्याची दोन होतात. पॅड तेल शोषून घेतो, त्याची पकड जाते आणि दाबताच तो डिस्कवर क्षणभर चिकटतो, क्षणभर सुटतो. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच कारणाने. येथे आवाजाहून गंभीर गोष्ट म्हणजे ब्रेक लागत नाही. पावसात किंवा धुतल्यानंतर ओला ब्रेकही ओरडतो, पण पाच-सहा वेळा दाबल्यावर तो शांत होतो आणि पकड परत येते. कर्कश आवाज कायम असून थांबायला अंतर जास्त लागत असेल तर पॅडला तेल लागले आहे असे मानावे. आवाज असूनही पकड पूर्ण असेल तर आधी डिस्कचे आणि कॅलिपरचे बोल्ट ढिले नाहीत ना ते पाहावे, कारण सुट्या भागांची थरथरही अशीच ऐकू येते.

तेलकट डिस्क स्वच्छ कापडाने आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी. ती धातूची असल्याने पूर्ण साफ होते. पॅडचे तसे नाही. तेल वरवरचे असेल तर सपाट जागी पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड घासल्याने नवा पृष्ठभाग मिळतो. तेल आत मुरले असेल तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. गॅसवर भाजून तेल काढण्याचा उपाय सांगितला जातो, पण त्यातून निघणारा धूर घातक असतो आणि तापवलेल्या पॅडवर नंतर विश्वास ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. नवा पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगापासून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक जाम न करता, वीसेक वेळा ब्रेक लावावा, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो.

एवढे करूनही नवे पॅड काही दिवसांत पुन्हा तेलकट झाले, तर तेल बाहेरून येत नसते. हायड्रॉलिक कॅलिपरमधील, पॅडला पुढे ढकलणाऱ्या पिस्टनचे सील गळत असते. पॅड काढून पिस्टनभोवती ओलावा दिसतो का ते पाहावे, आणि दिसला तर ती सायकल न चालवता कारागिराकडे न्यावी.