सूर्यास्ताचे सपाट ग्रेडियंट चित्र

सूर्यास्ताच्या छायाचित्रातील तपशील वगळून मोजके आकार आणि एकमेकांत विरघळणारे रंग एवढ्यांतूनच आकाश उभे करणाऱ्या डिजिटल चित्राला सपाट ग्रेडियंट चित्र म्हणतात. ते बहुधा व्हेक्टर पद्धतीने, म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेषा-आकारांनी, काढले जाते. सूर्याचे वर्तुळ, क्षितिजाची रेषा आणि एखाद-दोन डोंगररांगा एवढे आकार पुरतात; चित्राचा खरा भार आकाशाच्या ग्रेडियंटवर, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू होणाऱ्या बदलावर, असतो.

हा ग्रेडियंट छायाचित्रातूनच उचलला जातो. क्षितिजापासून वरपर्यंत एक उभी रेषा कल्पून तिच्यावरचे रंग आयड्रॉपर या रंग उचलण्याच्या साधनाने टिपतात. एकाच पिक्सेलचा रंग कॅमेऱ्याच्या नॉइजमुळे, म्हणजे विस्कळीत रंगकणांमुळे, फसवा असू शकतो, म्हणून निदान ५×५ पिक्सेलची सरासरी घ्यावी. सूर्यबिंब छायाचित्रात बहुधा जळून पांढरेफटक झालेले असते, त्यामुळे त्याचा रंग बिंबातून न घेता भोवतालच्या पिवळसर वलयातून घेणे योग्य.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे खाली नारिंगी, वर निळा असे दोनच रंग जोडणे. #F2955A हा नारिंगी आणि #2E3F6E हा निळा यांच्यामध्ये संगणक लाल, हिरवा आणि निळा या घटकांची केवळ सरासरी काढतो आणि बरोबर मध्यावर #906A64 हा मातकट रंग येतो. हे दोन रंग जवळजवळ परस्परविरोधी असल्याने सरासरीत त्यांचा तजेला मरतो. प्रत्यक्ष आकाशात त्या जागी गुलाबी आणि जांभळा असतो, तो वेगळा स्टॉप, म्हणजे ग्रेडियंटमध्ये ठरावीक जागी नेमलेला रंग, देऊनच आणावा लागतो. म्हणून त्याच आकाशासाठी क्षितिजावर #F9C66B, उंचीच्या १२ टक्क्यांवर #F2955A, ३० टक्क्यांवर #D9788A, ५५ टक्क्यांवर #7D6A9C आणि माथ्यावर #2E3F6E अशी मांडणी करता येते. यातले स्टॉप समान अंतरावर नाहीत, कारण क्षितिजाजवळ रंग झपाट्याने बदलतात आणि वर जाताना हा बदल संथ होतो; समान अंतरे ठेवली की आकाश रंगीत पट्ट्यांच्या कापडासारखे दिसू लागते. चित्र कृष्णधवल करून पाहिल्यास मांडणीची परीक्षा होते: उजेड क्षितिजापासून माथ्याकडे अखंड उतरत गेला पाहिजे, मध्येच उजळ पट्टा दिसला तर तिथला स्टॉप चुकला आहे.

डोंगरांना शुद्ध काळा रंग दिल्यास ते कागदातून कापून चिकटवल्यासारखे वाटतात. जवळच्या रांगेला माथ्यावरच्या निळ्याची अधिक गडद छटा द्यावी, तर दूरच्या रांगेत क्षितिजाचा रंग थोडा मिसळावा, कारण मधल्या हवेतला विखुरलेला प्रकाश तिला फिकट करतो.

मोठ्या पृष्ठभागावर सूक्ष्म बदल पसरला की पट्टे दिसतात. ८-बिट चित्रात प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पायऱ्या असतात. एखाद्या घटकातला २० पायऱ्यांचा फरक १,००० पिक्सेलवर पसरला तर प्रत्येक पायरी ५० पिक्सेल रुंद होते आणि गडद भागात ती डोळ्याला खुपते. त्यावर डिदरिंग, म्हणजे शेजारच्या छटांचे पिक्सेल एकमेकांत मिसळणे, किंवा एक-दोन टक्के नॉइज हा उपाय आहे. मात्र जास्त कॉम्प्रेस केलेल्या जेपेगमध्ये हे बारीक कण पुसले जाऊन पट्टे परत उमटतात, म्हणून अंतिम प्रत पीएनजी स्वरूपात ठेवणे बरे.