मुक्तिवेग आणि कक्षीय वेग: 11.2 हा आकडा कुठे चालतो आणि कुठे नाही

फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना एक वाक्य मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचतो: "उपग्रह कक्षेत ठेवण्यासाठी त्याला 11.2 किमी/से इतका मुक्तिवेग द्यावा लागतो." या एका वाक्यात दोन चुका आहेत. मुक्तिवेग मिळालेली वस्तू पृथ्वीभोवती फिरत राहत नाही, ती जाते ती कायमची; आणि 11.2 हा आकडा पृथ्वीच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या वस्तूचा आहे, वर कक्षेत असलेल्या उपग्रहाचा नाही.

कक्षीय वेग बहुतेकांना येतो, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. गुरुत्वाकर्षणाचे बल हेच अभिकेंद्री बल मानले की v = √(GM/r) मिळते; काही पुस्तके यालाच क्रांतिक वेग म्हणतात. g = 9.8 मी/से² आणि R = 6400 किमी घेतले, तर पृष्ठभागाला लागून फिरणाऱ्या काल्पनिक उपग्रहाचा वेग 7.92 किमी/से येतो. त्याच जागचा मुक्तिवेग √(2GM/R), म्हणजे 11.2 किमी/से. एकाच जागी या दोन वेगांचे गुणोत्तर नेहमी √2 असते, आणि "एकाच जागी" हे शब्द गाळल्यामुळेच पुढचा सगळा घोळ होतो.

हा √2 येतो कुठून, हे पाठ करण्यापेक्षा ऊर्जेच्या हिशेबातून पाहावे. त्यासाठी मी मुद्दाम भूस्थिर उपग्रह घेतो, कारण त्याची त्रिज्या आधी आवर्तनकाळावरून काढावी लागते. T = 24 तास, म्हणजे 86,400 सेकंद घेतले, तर r³ = gR²T²/4π² या सूत्राने r सुमारे 42,340 किमी येते; त्यातून पृथ्वीची त्रिज्या वजा केली की उंची सुमारे 36,000 किमी उरते. (काटेकोरपणे पृथ्वी स्वतःभोवती 86,164 सेकंदांत फिरते आणि उंची 35,786 किमी भरते, पण परीक्षेसाठी 24 तास पुरेत.) या उपग्रहाचा वेग 2πr/T, म्हणजे 3.08 किमी/से.

आता त्यातल्या एका किलोग्रॅम वस्तुमानाचा हिशेब करू. त्याची स्थितिज ऊर्जा –GM/r, म्हणजे –9.48 दशलक्ष ज्यूल. गतिज ऊर्जा ½v², म्हणजे 4.74 दशलक्ष ज्यूल, बरोबर निम्मी. वर्तुळाकार कक्षेत हे प्रमाण नेहमी असेच असते. एकूण ऊर्जा –4.74 दशलक्ष ज्यूल उरते, आणि ऋण ऊर्जा म्हणजे उपग्रह पृथ्वीशी बांधलेला. सुटायचे तर ती ऊर्जा शून्यावर आणली पाहिजे, म्हणजेच गतिज ऊर्जा दुप्पट केली पाहिजे. आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग मात्र √2 पटच वाढतो. म्हणून त्या उंचीवरचा मुक्तिवेग 3.08 × 1.414, म्हणजे 4.35 किमी/से आहे. 11.2 नाही. उपग्रहाकडे 3.08 आधीच आहे, तेव्हा त्याच दिशेने आणखी 1.27 किमी/से मिळाले तरी तो पृथ्वीच्या ताब्यातून सुटेल.

याच जागी मुले विचारतात, "सर, मग 3.08 आणि 4.35 यांच्या मधला वेग दिला तर?" प्रश्न चांगला आहे, आणि पुस्तके तो बहुधा एका ओळीत उरकतात. समजा आपण वेग 4.0 किमी/से केला. गतिज ऊर्जा 8.0 दशलक्ष ज्यूल झाली, पण एकूण ऊर्जा अजून –1.48 दशलक्ष ज्यूल, म्हणजे ऋणच आहे. उपग्रह लंबवर्तुळात जाईल, पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 2.29 लाख किमीपर्यंत, म्हणजे चंद्राच्या निम्म्याहून अधिक अंतरावर पोहोचेल आणि तिथून परत 42,340 किमीवर येईल (चंद्राचे आकर्षण येथे धरलेले नाही). मुक्तिवेगाच्या 92 टक्के वेग देऊनही सुटका नाही, फक्त फेरी लांबते.

"मुक्ती" या शब्दामुळे आणखी एक गैरसमज होतो, आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आहे: उपग्रह गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर असतो म्हणून खाली पडत नाही, असे लिहिले जाते. भूस्थिर कक्षेत g 0.224 मी/से² आहे. थोडे आहे, पण शून्य नाही. एका सेकंदात तो उपग्रह 3.08 किमी पुढे सरकतो आणि सरळ रेषेपासून पृथ्वीकडे सुमारे 11 सेंटीमीटर पडतो. असे सतत पडत राहणे म्हणजेच त्याची कक्षा.

उदाहरणांत सर्वाधिक गुण जातात ते r च्या जागी उंची भरल्याने. भूस्थिर उपग्रहासाठी कोणी r = 36,000 किमी घेतले, तर वेग 3.34 किमी/से येतो, आणि आकडा विश्वासार्ह दिसत असल्यामुळे चूक लक्षात येत नाही. ती पकडण्याचा उपाय सोपा आहे: त्याच r आणि v वरून 2πr/v काढावे. येथे ते सुमारे 18.8 तास येते. भूस्थिर उपग्रहाचा दिवस 18.8 तासांचा निघाला, की पृथ्वीची त्रिज्या मिळवायची राहिली हे लगेच कळते. असाच चकवा h = R या उदाहरणात आहे. तिथे कक्षीय वेग 5.6 किमी/से आणि मुक्तिवेग 7.92 किमी/से येतो. हा 7.92 पृष्ठभागाजवळच्या कक्षीय वेगाइतकाच असल्याने मुले आपले उत्तर चुकले असे समजून खोडतात. ते बरोबर असते.

राहिला "भूस्थिर" हा शब्द. 24 तासांचा आवर्तनकाळ असलेला प्रत्येक उपग्रह भूस्थिर नसतो. कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जावेच लागते, कारण ओढ केंद्राकडे असते. त्यामुळे एकाच जागेवर थांबल्यासारखा दिसणारा उपग्रह फक्त विषुववृत्ताच्या वर, पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असू शकतो. पणजी सुमारे 15.5 अंश उत्तरेला आहे, म्हणून तिच्या बरोबर माथ्यावर भूस्थिर उपग्रह ठेवता येत नाही. पावसाळ्यात ढगांची चित्रे पाठवणारा इन्सॅट-3डीआर 74 अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ आपल्याच रेखांशावर आहे, तरी पणजीतून तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 72 अंशांवर असतो. अक्षांश 90 मधून वजा करून 74.5 लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की उपग्रह अनंत अंतरावर नाही. 15.5 अंश झुकलेल्या 24 तासांच्या कक्षेतला उपग्रह गोव्याच्या माथ्यावर दिवसातून एकदा येऊ शकतो, पण बारा तासांनी तो विषुववृत्ताच्या तितकाच दक्षिणेला असेल. असा उपग्रह भू-समकालिक म्हणावा, भूस्थिर नव्हे. नाविक या भारतीय दिशादर्शक प्रणालीतले काही उपग्रह 29 अंश झुकलेल्या अशाच कक्षांत फिरतात, तर आपल्या छपरावरची टीव्हीची डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही, कारण तिचा उपग्रह भूस्थिर असतो.